एकरकमी की हप्त्याहप्त्याने? निवृत्तीच्या पैशाचा हिशेब

निवृत्तीचा पैसा खात्यात जमा झाला की आठवड्याभरात बँकेतून फोन येतो. तेहतीस वर्षं त्याच शाखेत पगार जमा होत होता, तेव्हा कुणी नाव घेऊन विचारपूस केली नव्हती. आता ‘साहेब, जरा येऊन जा’ म्हणतात, चहा मागवतात आणि समोर एखादी विमा कम गुंतवणूक योजना ठेवतात. भाचा सांगतो, बाजार वर चाललाय, सगळे आताच टाका. शेजारचे गृहस्थ सांगतात, एकदम टाकू नका, एसआयपी करा, एसआयपीत नुकसान होत नाही. हे तिघेही एकाच पैशाबद्दल बोलत असतात आणि त्या पैशाचा नेमका उपयोग काय, हे तिघांपैकी कुणीच विचारलेलं नसतं.

एकरकमी गुंतवावं की हप्त्याहप्त्याने, हा प्रश्न लहान नाही. आयुष्यात एवढी रक्कम हाताशी एकदाच येते आणि चुकली तर ती परत कमावण्याची वर्षं उरलेली नसतात. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन त्याचा शेवटपर्यंत हिशेब करायचा आहे. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले बाजाराचे आकडे खरे आहेत.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून 58व्या वर्षी निवृत्त झालेले एक गृहस्थ समजा. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचा पगार मिळून 71 लाख रुपये आले. घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, मुलगी आपल्या संसारात. नवरा-बायकोचा महिन्याचा खर्च 30,000. कर्मचारी पेन्शन योजनेतून महिना 4,000 मिळणार. म्हणजे उरलेले 26,000 या पुंजीतूनच यायचे आहेत, आणि तेही बहुधा पंचवीस-तीस वर्षं.

इथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती अशी, की 71 लाख ही बाजारात घालायची रक्कम नव्हेच. 60 वर्षं पूर्ण नसली तरी 55 ते 60 या वयात निवृत्त झालेल्याला, निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं. मर्यादा 30 लाखांची. 2025 मध्ये तिथे 8.2 टक्के व्याज आहे आणि ते दर तिमाहीला मिळतं: 30 लाखांवर तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एका नावावर 9 लाख ठेवता येतात. 7.4 टक्क्यांनी त्याचे महिन्याला 5,550 येतात. पेन्शन धरून महिन्याची बेरीज 30,050 झाली. घरखर्च भागला. दुखणंखुपणं आणि अडीअडचणीसाठी 8 लाख बँकेत ठेवले. उरले 24 लाख.

हे 24 लाख कशाला? महागाईला. सहा टक्के महागाई धरली तर आजचा 30,000चा खर्च बारा वर्षांत 60,000 होतो, आणि सरकारी योजनांचं व्याज काही महागाईबरोबर वाढत नाही. गृहस्थ सत्तरीला पोचतील तेव्हा लागणारा जादा पैसा या 24 लाखांतून यायचा आहे. त्याला निदान आठ-दहा वर्षं हात लागणार नाही, म्हणूनच तो शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात जाऊ शकतो. एकरकमी की हप्त्याने, हा प्रश्न फक्त या 24 लाखांपुरता आहे. बँकेतला माणूस तो 71 लाखांना लावतो, घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आता एसआयपीचं पाहू. पगारदाराची एसआयपी ही निवड नसते, सोय असते. महिन्याला पगार येतो, त्यातले पाच हजार शिल्लक पडतात, ते लगेच गुंतवले जातात. पुढच्या वर्षीचा पगार आज हातात नसल्यामुळे ‘एकरकमी’ हा पर्यायच त्याच्यापुढे नसतो. खरं म्हणजे तोही हाती आलेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी एकरकमीच टाकत असतो. ज्याच्या हाती 24 लाख आजच आहेत त्याची गोष्ट वेगळी. तो हप्ते पाडतो म्हणजे उरलेले पैसे मुद्दाम बाहेर थांबवून ठेवतो. त्या थांबण्याची किंमत असते आणि त्या थांबण्याचा फायदाही असतो. एसआयपीच्या जाहिरातीतले तक्ते पाहून हे दोन्ही कळत नाही, कारण ते तक्ते पगारदारासाठी काढलेले असतात.

थांबण्याचा फायदा सगळ्यात ठळक दिसतो तो 2008 मध्ये. समजा या गृहस्थांनी 24 लाख रुपये 31 डिसेंबर 2007 रोजी, सेन्सेक्सची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एखाद्या फंडात घातले असते. त्या दिवशी सेन्सेक्स 20,287 होता. लाभांश आणि फंडाचा खर्च बाजूला ठेवून नुसत्या निर्देशांकावर हिशेब करू. 31 डिसेंबर 2008 रोजी निर्देशांक 9,647 वर आला आणि एकरकमी 24 लाखांचे 11 लाख 41 हजार राहिले. त्यांनीच दर महिनाअखेरीस 2 लाख असे बारा हप्ते पाडले असते, पहिला 31 डिसेंबर 2007ला आणि शेवटचा नोव्हेंबर 2008 अखेरीस, तर त्याच दिवशी 16 लाख 36 हजार हाती असते. शेवटच्या दोन हप्त्यांनी, म्हणजे 9,788 आणि 9,093 या पातळ्यांवर गेलेल्या पैशाने, पहिल्या हप्त्याच्या दुपटीहून जास्त युनिट घेतले. फरक जवळजवळ 5 लाखांचा. 2009 संपताना तर एकरकमीचे 20 लाख 66 हजार आणि हप्त्यांचे 29 लाख 62 हजार झालेले दिसले असते. शेजारचे गृहस्थ याच उदाहरणावर बोलतात आणि इथवर त्यांचं बरोबर आहे.

पण 2008च्या अखेरीपासून तीनच महिने पुढे सरका. तेच 24 लाख 31 मार्च 2009 रोजी हाती आले असते तर? सेन्सेक्स 9,708 होता आणि तो आणखी खाली जाईल असंच सगळे म्हणत होते. हप्ते पाडणं त्या वेळी सगळ्यात शहाणपणाचं वाटलं असतं. 16 मे 2009 रोजी लोकसभेचे निकाल लागले. सोमवारी, 18 मे रोजी, बाजार उघडताच वरची मर्यादा गाठून बंद पडला. पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद झाला. दिवसभरात प्रत्यक्ष सौदे झाले ते जेमतेम मिनिटभर आणि सेन्सेक्स 17 टक्क्यांनी चढला. हप्तेवाल्या गृहस्थांचे तोवर दोनच हप्ते गेले होते. 24 पैकी 20 लाख त्या दिवशी बाहेर उभे होते. 31 मार्च 2010 रोजी निर्देशांक 17,528 झाला, तेव्हा एकरकमीचे 43 लाख 33 हजार आणि हप्त्यांचे 28 लाख 58 हजार. इथला फरक पावणेपंधरा लाखांचा आहे, आधीच्या उदाहरणातल्या वर्षअखेरच्या फरकाच्या जवळजवळ तिप्पट, आणि तो उलट्या बाजूने.

पंधरा महिन्यांच्या अंतराने सुरू होणारी ही दोन्ही उदाहरणं टोकाची आहेत. मुद्दाम घेतली, कारण प्रत्येक बाजूचा माणूस आपल्याला सोयीचं तेवढंच सांगतो. टोकं सोडून सर्वसाधारण काय होतं, हे बऱ्याच आधीपासून तपासलं गेलं आहे. जॉर्ज कॉन्स्टँटिनिडीस यांनी 1979 मध्येच सिद्ध केलं होतं, की रक्कम हाती असताना ठरावीक हप्त्यांना स्वतःला बांधून घेणं हे शुद्ध हिशेबात सर्वोत्तम धोरण ठरत नाही. 2012 मध्ये व्हॅनगार्ड या कंपनीने अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन बाजारांची जुनी आकडेवारी घेऊन बारा महिन्यांचे हप्ते आणि एकरकमी यांची तुलना केली. सुमारे दोन तृतीयांश वेळा एकरकमी पुढे राहिली. याचं कारण साधं आहे: बाजार पडण्यापेक्षा चढण्याची वर्षं जास्त असतात, त्यामुळे बाहेर थांबलेला पैसा बहुतेक वेळा मागे पडतो. उरलेल्या एक तृतीयांश वेळा हप्त्यांनी वाचवलं, आणि 2008 त्या एक तृतीयांशातलं आहे.

थांबण्याची किंमत आधीही काढता येते. बारा हप्ते पाडले की प्रत्येक रुपया सरासरी साडेपाच महिने बाहेर थांबतो. बाहेर लिक्विड फंडात साडेसहा टक्के मिळतात आणि शेअरमधून दीर्घकाळात 12 टक्क्यांची अपेक्षा आहे असं धरलं, तर दोहोंतला फरक साडेपाच टक्के. 24 लाखांवर साडेपाच महिन्यांचा हा फरक सुमारे 60,000 रुपये होतो. म्हणजे बारा महिन्यांचे हप्ते हा 24 लाखांवरचा विमा आहे आणि त्याचा अपेक्षित हप्ता 60,000 आहे. चोवीस महिने केले तर तो दुपटीच्या घरात जातो. असं मांडलं की निर्णय घेणं सोपं जातं, कारण 60,000 रुपये देऊन पहिल्या वर्षाची धास्ती कमी करून घ्यायची का, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

या विम्याची मुदत मात्र नीट पाहून घ्यावी. वितरकांच्या बोलण्यात ही गोष्ट मला जवळजवळ कधी ऐकू आलेली नाही. हप्ते संपले त्या दिवशी विमाही संपतो. तेराव्या महिन्यात सगळे 24 लाख आत असतात आणि तेव्हा बाजार अर्धा झाला तर हप्त्याने आलेला आणि एकरकमी आलेला, दोघांचं सारखंच नुकसान होतं. ‘एसआयपीत नुकसान होत नाही’ हे वाक्य म्हणूनच खोटं आहे. हप्त्यांनी फक्त आत शिरण्याची वेळ विभागली जाते. आत राहण्याची जोखीम पुढची दहा वर्षं पूर्ण असते.

म्हणून माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा निर्णय हप्त्यांचा नाहीच, 24 हा आकडा किती ठेवायचा हा आहे. समजा बँकेतल्या माणसाचं ऐकून गृहस्थांनी 71 पैकी 60 लाख बाजारासाठी काढले आणि सावधपणे, बारा हप्त्यांत, 2008 सालभर घातले. वरच्याच हिशेबाने वर्षअखेर त्यांचे 40 लाख 90 हजार झाले असते. नुकसान 19 लाख. दुसरीकडे, फक्त 24 लाख काढून ते बाजाराच्या शिखराशी, एकाच दिवशी, डोळे मिटून टाकणाऱ्याचं नुकसान 12 लाख 59 हजार. ‘सावध’ माणसाने ‘बेफिकीर’ माणसापेक्षा साडेसहा लाख जास्त गमावले. शिवाय दुसऱ्याचा घरखर्च व्याजावर चालू असल्याने त्याला पडत्या भावात एक युनिटही विकावं लागलं नाही. पहिल्याला डिसेंबर 2008 मध्ये किराणा भरायला विकावं लागलं असतं, आणि त्या भावात विकलेले युनिट पुढे बाजार सावरला तरी परत येत नाहीत. शिखरावर टाकणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाचं मुद्दल निर्देशांकाच्या हिशेबाने 2010च्या दिवाळीला भरून निघालं होतं. 5 नोव्हेंबरच्या मुहूर्ताच्या सौद्यांत सेन्सेक्स 21,005 वर बंद झाला. पण 2011 संपताना तो पुन्हा 15,455 वर होता. आठ-दहा वर्षं हात न लागणाराच पैसा इथे आणावा, याचं कारण हेच.

24 लाखांचा आकडा पक्का झाला आणि मन हप्त्यांकडेच ओढलं, तर ते कसं करायचं? तीन गोष्टींत लोक फसतात.

पहिली, थांबलेला पैसा ठेवायचा कुठे. बचत खात्यात ठेवून तिथून एसआयपी लावली तर व्याज अगदीच कमी मिळतं आणि पैसा दुसऱ्या कशात तरी खर्च होतो. रूढ मार्ग एसटीपीचा आहे: सगळी रक्कम लिक्विड फंडात टाकायची आणि तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम शेअरच्या फंडात आपोआप वळती होते. हे एकाच फंड कंपनीच्या दोन योजनांमध्येच होतं, त्यामुळे आधी शेअरचा फंड निवडायचा आणि मग त्याच कंपनीचा लिक्विड फंड घ्यायचा. अनेक जण उलट करतात आणि नको त्या फंडात अडकतात. थोडं जास्त व्याज मिळतं म्हणून लिक्विडऐवजी उच्च जोखमीच्या रोख्यांचा फंड कुणी सुचवला तर नाही म्हणावं. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने रोख्यांच्या सहा योजना एकाएकी गुंडाळल्या, तेव्हा पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले खरे, पण ज्यांना ते त्या महिन्यात हवे होते त्यांचं अडलं. सहकारी बँकेत जादा दराच्या ठेवीत 24 लाख ठेवून थांबणं त्याहून धोक्याचं. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच आहे, आणि पतपेढीला तर तेही नाही.

दुसरी, अर्जातला एक छोटा चौकोन. एसटीपी दोन प्रकारची असते. एकीत ठरावीक रक्कम वळती होते, दुसरीत लिक्विड फंडावर झालेली फक्त वाढ वळती होते. दुसऱ्या प्रकारावर खूण झाली तर 24 लाखांवरचे महिन्याचे बारा-तेरा हजारच शेअरच्या फंडात जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. माणूस वर्षभर समजत असतो की आपले पैसे आत गेले. पहिल्या वळतीनंतर खात्याचं विवरण उघडून पाहावं. आपण ठरवलेले 2 लाख लिक्विडमधून कमी झालेले आणि शेअरच्या फंडात जमा झालेले दिसले पाहिजेत. तिथेच योजनेच्या नावापुढे ‘डायरेक्ट’ आहे की ‘रेग्युलर’ हेही वाचावं; रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी आपल्या पैशातून जातं. सल्ला घेऊन ते देणं गैर नाही, पण ते देतो आहोत हे ठाऊक हवं. कराच्या दृष्टीने प्रत्येक वळती ही लिक्विड फंडातली विक्री असते आणि तिच्यावरचा नफा आपल्या उत्पन्नात मिळवला जातो. आपल्या गृहस्थांचं उत्पन्न 2025-26 च्या नव्या करपद्धतीतल्या सवलतीच्या आत असल्याने त्यांना तो भार पडत नाही. शेअरच्या फंडाकडून मात्र बहुधा वर्षाच्या आत पैसे काढले तर एक टक्का कापला जातो, आणि हे वर्ष प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजलं जातं.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे मध्येच थांबणं. हप्त्यांचा सगळा फायदा पडत्या महिन्यांतल्या हप्त्यांमुळे मिळतो, आणि नेमके तेच हप्ते माणूस थांबवतो. 14 जानेवारी 2020 रोजी निफ्टी 12,362 वर होता, 23 मार्चला 7,610 वर आला आणि वर्ष संपताना 14,000च्या उंबरठ्यावर पोचला. ‘परिस्थिती निवळली की पुन्हा चालू करू’ म्हणून मार्चमध्ये ज्यांनी वळती बंद केली त्यांनी विम्याचा हप्ता भरला आणि भरपाईच्या वेळी दावा केला नाही. परिस्थिती निवळल्याची बातमी येते तोवर भाव वर गेलेले असतात. वरच्या हिशेबातही 2008चे शेवटचे दोन हप्ते वगळून पाहा: एकूण युनिटांचा एक चतुर्थांश भाग त्या दोनच महिन्यांत घेतलेला आहे. आपण अशा वेळी हात आखडता घेणार, हे ज्याला आजच माहीत आहे त्याने बाजारासाठी 24च्या जागी 12 लाख काढावेत. हप्त्यांची संख्या वाढवून त्याला उपयोग नाही.

ज्याचं वय चाळिशीत आहे, नोकरी चालू आहे, आधीच बरीच गुंतवणूक शेअरच्या फंडांत आहे आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाट्याचे किंवा बोनसचे काही लाख आले आहेत, त्याने हप्त्यांचा खटाटोप करू नये, एकरकमी टाकून मोकळं व्हावं. त्याच्या एकूण पुंजीत ती रक्कम लहान असते आणि भाव पडले तरी पुढच्या पगारातून तो घेत राहतो. निवृत्त माणसाची गोष्ट वेगळी. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बाजार पाहिलेला असतो, आणि पहिल्याच वर्षी निम्मं झालेलं पाहून तो सगळं काढून मुदत ठेवीत टाकतो व पुन्हा कधीच वळत नाही. त्या एका धोक्यासाठी 60,000चा विमा मला महाग वाटत नाही. सहा ते बारा हप्ते, बाराच्या पुढे एकही नाही. तारीख ठरवून एकदाच सूचना द्यावी आणि ती बदलू नये.

आणि निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं उरलेल्या वाचकांना एक विनंती. पैसा खात्यात येण्याच्या आधी, फोन येण्याच्या आधी, बायकोबरोबर बसून एका कागदावर महिन्याचा खर्च, पेन्शन आणि त्यातली तूट लिहा. ती तूट व्याजातून भरायला किती रक्कम लागते ते काढा, अडीअडचणीचे वेगळे ठेवा, आणि जे उरेल त्याच्यासमोर ‘बाजार’ लिहा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची तीन महिन्यांची मुदत पैसे मिळाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. तो कागद तेव्हा तयार असू द्या.